टाळ्यांनंतरचे वेळापत्रक

डिसेंबर उजाडला की ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीतील शाळांमध्ये वार्षिक क्रीडा महोत्सव आणि स्नेहसंमेलने यांची लगबग सुरू होते. ज्या शाळेला स्वतःचे मैदान नाही ती एखाद्या सार्वजनिक क्रीडांगणाची वाट धरते. संचलन होते, ध्वज फडकतो, पारितोषिके दिली जातात आणि मग प्रमुख पाहुणे बोलण्यास उभे राहतात. अशा भाषणात अलीकडे एक सूचना वारंवार ऐकू येते. मुलांना अभ्यासाचा एक जादा तास देण्याऐवजी रोज खेळाचा एक तास द्या, असे पाहुणे सांगतात. स्वामी विवेकानंदांच्या फुटबॉलविषयीच्या सुप्रसिद्ध उद्गाराचा दाखला दिला जातो. डोंबिवलीत असेल तर अजिंक्य रहाणे याचे नाव हमखास येते. मुले टाळ्या वाजवतात, पालक माना डोलावतात आणि जून महिन्यात नवे वेळापत्रक फळ्यावर लागते तेव्हा त्यात जादा तास जिथे होता तिथेच असतो.

याचा दोष केवळ मुख्याध्यापकांना देणे अन्यायाचे ठरेल. पाहुण्यांची सूचना जितकी सोपी वाटते तितकी ती नसते. तिला दोन प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. जादा तास काढला तर मुलांचे गुण घसरतील काय, हा पहिला प्रश्न. साठ-साठ विद्यार्थ्यांच्या तुकड्या आणि हातरुमालाएवढे पटांगण असलेल्या शाळेत रोजचा खेळाचा तास प्रत्यक्षात कसा घ्यायचा, हा दुसरा. व्यासपीठावरून या दोहोंची उत्तरे क्वचितच दिली जातात. ती देता येतात, हे मात्र निश्चित.

प्रथम गुणांचा प्रश्न. पस्तीस मिनिटांचा एक तास, वर्षाचे २२० दिवस, असा हिशेब मांडला तर वर्षाला सुमारे १२८ तास होतात. शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीसाठी वर्षाकाठी किमान १००० तासांचे अध्यापन ठरवून दिले आहे. त्या मानाने रोजचा एक तास म्हणजे शालेय वेळेचा साधारण आठवा हिस्सा. एवढा वेळ पुस्तकाकडून काढून मैदानाला दिला तर काय होते, याचा एक प्रदीर्घ प्रयोग कॅनडातील क्वेबेक प्रांतात त्रुआ-रिव्हिएर या ठिकाणी १९७०च्या दशकात झाला होता. प्राथमिक शाळेतील ५४६ मुले त्यात होती. त्यांतील प्रयोगातल्या मुलांना रोज एक तास अधिकचे शारीरिक शिक्षण, तेही प्रशिक्षित शिक्षकांकडून, देण्यात आले आणि त्यासाठी इतर विषयांचा वेळ सुमारे १३ ते १४ टक्क्यांनी कमी करण्यात आला. पहिल्या वर्षी, म्हणजे पहिलीत, ही मुले इतरांपेक्षा थोडी मागे दिसली. दुसरीपासून सहावीपर्यंत मात्र शाळेतील गुणांत ती पुढे राहिली. प्रांताच्या सामाईक परीक्षेत गणितात त्यांना अधिक गुण मिळाले. इंग्रजीत, जी तेथील दुसरी भाषा होती, तसे घडले नाही.

या प्रयोगाचा अर्थ लावताना संयम हवा. ती मुले लहान वयाची होती, शिक्षक तज्ज्ञ होते आणि तेथील शाळा डोंबिवलीच्या शाळेसारखी गजबजलेली नव्हती. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०१० साली अशा पन्नास अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. शाळेतील व्यायाम आणि अभ्यासातील प्रगती यांच्यातील जितके संबंध त्या अभ्यासांत तपासले गेले होते, त्यांपैकी निम्म्याहून किंचित अधिक अनुकूल निघाले, ४८ टक्क्यांत काहीच संबंध आढळला नाही आणि प्रतिकूल परिणाम केवळ दीड टक्क्यात दिसला. म्हणजे खेळाच्या तासाने गुण वाढतातच, असे पाहुण्यांनी छातीठोकपणे सांगू नये. प्रामाणिक विधान एवढेच की, खेळाला दिलेल्या तासामुळे गुण घसरत नाहीत. पण निर्णयासाठी इतके पुरेसे आहे. जो तास काढल्याने नुकसान होत नाही, तो तास ठेवण्याचे समर्थन करण्याची जबाबदारी ठेवणाऱ्यावर येते.

जादा तासाच्या बाजूने एक मुद्दा मात्र खरा आहे. गणितात किंवा इंग्रजीत मागे पडलेली मुले प्रत्येक वर्गात असतात आणि त्यांना शाळेबाहेरची शिकवणी परवडतेच असे नाही. तथापि या दहा-बारा मुलांसाठी साठ जणांना रोज पस्तीस मिनिटे बसवून ठेवणे हा उपाय नव्हे. ज्याला येते त्याला तो तास कंटाळवाणा होतो आणि ज्याला येत नाही त्याला साठांच्या गर्दीत शंका विचारता येत नाही. त्याच मुलांना आठवड्यातून दोनदा वेगळे बसवून शिकवले, तर शिक्षकाचे श्रम कमी आणि मुलाचा लाभ अधिक.

दुसऱ्या बाजूला रोजच्या मैदानी तासातून काय मिळते, हेही नेमके पाहावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या मार्गदर्शनानुसार पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना रोज सरासरी साठ मिनिटे दमसास लागेल अशी हालचाल हवी. ज्याचे आईवडील सकाळच्या लोकलने मुंबईला जातात, जो दुपारी शाळेतून आणि संध्याकाळी शिकवणीतून घरी येतो आणि ज्याच्या इमारतीच्या आवारात दुचाक्या उभ्या असतात, त्या डोंबिवलीच्या मुलाला ही साठ मिनिटे शाळेबाहेर मिळणार कोठून? ज्यांच्या घरी ऐपत आहे त्यांची मुले शुल्क भरून पोहायला, बॅडमिंटनला किंवा क्रिकेटच्या शिबिराला जातात. इतरांसाठी शाळेचे पटांगण हीच एकमेव जागा. म्हणून हा तास शाळेच्या वेळातच असला पाहिजे.

आणखी एक लाभ पाठ्यपुस्तकांशीच निगडित आहे, तो डोळ्यांचा. चीनमधील ग्वांगझू शहरात २०१० ते २०१३ या काळात बारा प्राथमिक शाळांत एक प्रयोग झाला. निम्म्या शाळांतील पहिलीच्या मुलांना शाळेच्या प्रत्येक दिवशी ४० मिनिटांचा एक अधिक तास उघड्यावर देण्यात आला. तीन वर्षांनंतर इतर शाळांतील ३९.५ टक्के मुलांना जवळचे दिसण्याची, म्हणजे लांबचे अस्पष्ट दिसून चष्मा लागण्याची स्थिती आली होती; उघड्यावर तास झालेल्या शाळांत हे प्रमाण ३०.४ टक्के होते. येथे प्रभाव व्यायामाचा कमी आणि दिवसाच्या उजेडाचा अधिक, असे नेत्रतज्ज्ञ मानतात. म्हणूनच सभागृहात बुद्धिबळ मांडून किंवा वर्गात बसून घेतलेल्या ‘खेळाच्या तासाने’ हा लाभ होत नाही. आकाश दिसले पाहिजे.

आता दुसरा प्रश्न, म्हणजे हे जमवायचे कसे. उदाहरणादाखल ठाणे-डोंबिवली पट्ट्यात सहज आढळेल अशी एक माध्यमिक शाळा डोळ्यांसमोर आणावी. पाचवी ते दहावी, प्रत्येक इयत्तेच्या चार तुकड्या, एकूण चोवीस तुकड्या, दोन सत्रे, प्रत्येक सत्रात बारा तुकड्या आणि प्रत्येक तुकडीत साठ मुले. जादा तास धरून दिवसाला आठ तासिका. पटांगण तीस मीटर लांब आणि वीस मीटर रुंद. बारा तुकड्यांना रोज एकेक तास द्यायचा, तर दोन तुकड्या एकत्र करून सहा तासिका लागतात. आठांतील दोन मोकळ्या उरतात, हे चांगलेच आहे. सकाळच्या सत्रातील शेवटच्या दोन आणि दुपारच्या सत्रातील पहिल्या दोन तासिका म्हणजे ऐन उन्हाची वेळ. त्या वेळी पटांगण रिकामेच असावे.

शिक्षकांचा हिशेबही बसतो. एका सत्रात सहा तासिका, आठवड्याचे सहा दिवस, म्हणजे छत्तीस तासिका. हा एका शारीरिक शिक्षकाचा पूर्ण भार झाला. दोन सत्रांना दोन शिक्षक हवेत. पण एकशे वीस मुलांसाठी एक शिक्षक पुरत नाही. त्यासाठी एकत्र आलेल्या दोन तुकड्यांच्या वर्गशिक्षकांनी आलटून पालटून तीन-तीन दिवस सोबतीला यावे. जादा तास असताना प्रत्येक तुकडीसाठी आठवड्याला सहा तासिका कोणा ना कोणा शिक्षकाला शिकवावे लागत होते. आता तीनच तासिका मैदानावर उभे राहायचे आहे. उरलेल्या तीनांतील दोन मागे पडलेल्या मुलांना देता येतात. पटांगणाचा तास वाढवला म्हणून नवे पद मागावे लागते असे नाही. जिथे दोन सत्रांना मिळून एकच शारीरिक शिक्षक आहे, तिथे मात्र अडचण खरी आहे. अशा शाळेने आठवड्याचे तीन दिवस प्रशिक्षित शिक्षकाचे आणि तीन दिवस वर्गशिक्षकांच्या देखरेखीखालच्या साध्या खेळांचे, अशी विभागणी करून आरंभ करावा.

वेळापत्रकात तास आला म्हणजे काम संपले नाही. पस्तीस मिनिटांपैकी जिना उतरण्यात पाच जातात, चढून वर्गात बसण्यात पाच जातात, हजेरी आणि रांगा यांत आणखी पाच. उरतात वीस. या विसांत शिक्षकाने खो-खोचा सामना लावला, तर मैदान सत्तावीस बाय सोळा मीटरचे, म्हणजे पटांगण संपले. दोन संघांची मिळून चोवीस मुले खेळात, शहाण्णव कडेला उभी. क्रिकेटची स्थिती याहून वाईट. म्हणजे कागदावर एकशे वीस मुलांचा तास झाला आणि घाम चोवीस जणांना आला. खेळाचा तास निष्फळ ठरतो तो बहुधा येथेच.

यावरचा उपाय मराठी घरांना परकाही नाही. एकशे वीस मुलांचे तीस-तीसचे चार गट करावेत. एका कोपऱ्यात साखळी, दुसऱ्यात विष-अमृत, तिसऱ्यात दोरीवरच्या उड्या, चौथ्यात दहा मीटरच्या पट्ट्यात धावून परत येण्याच्या शर्यती. दहा मिनिटांनी गट जागा बदलतात. साखळीत पकडलेला गडी बाहेर जात नाही, साखळीला जोडला जातो. विष-अमृतात ‘विष’ मिळालेल्याला दुसरा येऊन ‘अमृत’ देतो आणि तो पुन्हा धावू लागतो. बाद झालेल्याला बाहेर बसवणारे खेळ मात्र या तासात टाळावेत, कारण ज्याला धावता येत नाही तोच आधी बाद होतो आणि ज्याला सरावाची सर्वांत अधिक गरज आहे तोच सर्वांत जास्त वेळ बसून राहतो. नियम पाळायचाच असेल तर बाद झालेल्याने पाच बैठका काढाव्यात आणि खेळात परत यावे.

तास खरा झाला की नाही, हे तपासण्याची एक सोपी रीत शारीरिक शिक्षणाच्या अभ्यासकांनी शोधून ठेवली आहे. तास सुरू होताना चार मुले मनाशी निवडावीत, त्यांत दोन मुली, आणि पाळीपाळीने एकेकाकडे थोडा वेळ पाहून ते मूल उभे आहे, बसले आहे, चालते आहे की धावते आहे, याची खूण वहीत करावी. तासाच्या अखेरीस खुणा मोजाव्यात. निम्म्याहून अधिक खुणा चालण्या-धावण्याच्या नसतील तर तासाची रचना चुकली आहे. हे काम पर्यवेक्षकांना महिन्यातून एकदा सहज करता येते आणि त्यासाठी कोणते उपकरण लागत नाही.

ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या पट्ट्यात पावसाळ्याचा प्रश्न वेगळा मांडावा लागतो. जून ते सप्टेंबर पटांगण चिखलाचे असते. पाणी साचल्यानंतर त्यात अनवाणी खेळण्याने लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो, म्हणून त्या दिवसांत डबक्यात उतरणे नको. ओल्या शहाबादी फरशीवर धावणेही नको. त्या काळात कोरड्या व्हरांड्यात किंवा सभागृहात सूर्यनमस्कार, बैठका, दोरी आणि समतोलाचे व्यायाम घ्यावेत आणि पावसाने उघडीप दिली की त्या दिवशी तुकडी तडक बाहेर न्यावी. पावसाळ्याचे वेगळे वेळापत्रक जूनमध्येच लावले नाही, तर पहिल्या सरीबरोबर खेळाचा तास गणिताला दिला जातो आणि ऑक्टोबरमध्ये तो परत मागण्याचे कोणाला सुचत नाही.

तास हातचा जाण्याचे दुसरे कारण घटक चाचणी. ‘विज्ञानाचा एक भाग राहिला आहे, आजचा पी. टी.चा तास द्या,’ असे बाई म्हणतात आणि सर देतात. दंगा केलेल्या वर्गाला शिक्षा म्हणून मैदान बंद करणे हा त्याचाच दुसरा प्रकार. यावर उपदेशाचा उपयोग होत नाही, नोंदीचा होतो. प्रत्येक तुकडीचे महिन्याला किती खेळाचे तास ठरले होते आणि किती झाले, हे दोन आकडे सूचना फलकावर लावावेत. पालकांच्या सभेत गुणपत्रिकेबरोबर हेही दिसले की तास आपोआप राखला जातो.

सातवीनंतरच्या मुलींकडे स्वतंत्र लक्ष हवे. रोज तास असेल तर गणवेशच धावता येईल असा असावा. पाण्याची सोय असलेले स्वच्छतागृह पटांगणाजवळ नसेल आणि मैदानावर एकही शिक्षिका नसेल तर मुली ‘आज नको’ म्हणून कडेला बसू लागतात. एखाद्या मुलीचे महिन्यातून दोन-तीन दिवस असणे स्वाभाविक आहे. पण त्याच आठ-दहा मुली आठवडाभर बसलेल्या दिसल्या, तर अडचण त्यांच्या प्रकृतीत नसून व्यवस्थेत आहे, असे समजावे.

वर्षाअखेरीस या सगळ्याचे फलित मोजताही येते. खेलो इंडियाच्या शारीरिक क्षमता चाचणीत ६०० मीटर धावण्याचा समावेश आहे. तीस बाय वीस मीटरच्या पटांगणाची एक फेरी बरोबर शंभर मीटरची होते. सहा फेऱ्या म्हणजे ६०० मीटर. फेब्रुवारीत प्रत्येक मुलाची वेळ नोंदवावी. वय वाढले की वेळ तशीही सुधारते, म्हणून यंदाच्या सातवीची तुलना गेल्या वर्षीच्या सातवीशी करावी. सर्वांत वेगवान मुलाची वेळ महत्त्वाची नाही. शेवटच्या वीस मुलांची वेळ सुधारली असेल तर तास सत्कारणी लागला.

अजिंक्य रहाणे याचे उदाहरण येथे वेगळ्या अर्थाने उपयोगी पडते. डोंबिवलीतील मॅटिंगच्या खेळपट्टीवर सुरुवात करणारा हा मुलगा २०२०-२१च्या मालिकेत ऑस्ट्रेलियात भारताचे नेतृत्व करून विजयी होऊन परतला, याचा अभिमान रास्तच आहे. परंतु त्यामागे त्याची विलक्षण प्रतिभा आणि आईवडिलांचे कष्ट होते. रोजचा खेळाचा तास असा एक घडवण्यासाठी नसतो. ज्यांची निवड कोणत्याही संघात कधीच होणार नाही, त्या उरलेल्या एकोणसाठ जणांसाठी तो असतो. शाळेचा संघ जिल्हास्तरावर गेला आणि ढाल मिळाली, याचा रोजच्या तासाशी काही संबंध असेलच असे नाही. बारा खेळाडूंना सकाळी लवकर बोलावूनही ढाल जिंकता येते.

केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१८-१९ पासून नववी ते बारावीसाठी आरोग्य व शारीरिक शिक्षणाची रोजची तासिका आपल्या शाळांना बंधनकारक केली. घोडबंदर रस्त्यावरच्या नव्या शाळा पालकांना आकर्षित करताना मैदानाची छायाचित्रे दाखवतात, ती उगाच नव्हेत. राज्य मंडळाच्या मराठी शाळांत हा विषय दहावीपर्यंत आहे, त्याला श्रेणीही आहे. रोजचा तास मात्र शाळेने स्वतः ठरवायचा आहे. जुन्या मराठी शाळांपाशी पटांगण लहान असले तरी लंगडी आणि साखळी शिकवू शकणारे शिक्षक आहेत. वर्षानुवर्षे पटसंख्येची चिंता करणाऱ्या संस्थांनी या गोष्टीचे मोल ओळखले पाहिजे.

म्हणून पुढच्या डिसेंबरात व्यासपीठावर उभे राहणाऱ्या पाहुण्यांनी भाषण थोडे बदलावे. खेळाचे महत्त्व मुलांना सांगण्याची गरज नाही, ते त्यांना ठाऊक असते. पाहुण्यांनी शेजारी बसलेल्या संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना तीन गोष्टी विचाराव्यात. यंदा प्रत्येक तुकडीचे खेळाचे किती तास ठरले होते आणि किती झाले? एका तासात प्रत्यक्ष किती मुले धावली? येत्या जूनच्या वेळापत्रकात कोणता जादा तास रद्द होणार आहे? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले, तर त्या दिवसाच्या टाळ्या सार्थकी लागतील.